आधी लांबचं झाकण

पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर चार वर्षं काढली की माणसाचे कान एकतर कायमचे मिटतात, नाहीतर तयार होतात. ताईचे तयार झाले होते. फोनवरचा माणूस "आमच्याकडे पाणी नाही" म्हणाला की तिला आवाजावरून कळायचं, याच्याकडे खरंच पाणी नाही की शेजाऱ्याकडे जास्त येतंय. दुसऱ्या प्रकारचे लोक जास्त ओरडायचे.

ही गोष्ट कुणीतरी साहेबांच्या कानावर घातली आणि एका सोमवारी ताईची रवानगी गळती विभागात झाली. विभाग म्हणजे एक माणूस, एक लोखंडी कांडी आणि एक कपाट. कपाटाची किल्ली हरवून अकरा वर्षं झाली होती. आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण दरवर्षीच्या तपासणीत 'सर्व वस्तू सुस्थितीत' अशी नोंद बिनचूक होत होती.

"आठवडाभर काकांच्या मागे सावलीसारखं फिरायचं," साहेब म्हणाले. "बघायचं, विचारायचं, शिकायचं. शनिवारी चढावरच्या रस्त्याला एक खड्डा घ्यायचाय. तिथं पाणी कुठंतरी मुरतंय, वरच्या घरांना पोचत नाही. रस्ता नवा केलाय, एकाच खड्ड्याची परवानगी मिळालीये. खाली विजेच्या केबली आहेत, म्हणून सळई ठोकून बघायची सोय नाही. जागा तुम्ही दोघांनी दाखवायची. पाणी लागलं, तर तुम्ही या विभागात कायम."

"आणि कोरडा निघाला तर?"

"तर काका निवृत्त झाल्यावर विभाग बंद. आणि तुमची खिडकी आहेच की तुमची वाट बघत."

खिडकी वाट बघत असेल यात ताईला शंका नव्हती. तिथला फोन बारा सेकंदांहून जास्त गप्प राहिल्याचं तिला आठवत नव्हतं.

काका ठेंगणे, नीटनेटके आणि गप्प. बंद झालेल्या मार्गाच्या बसची वाट बघत उभ्या असलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा असायचा. सगळ्या खात्यात त्यांची ख्याती होती. काका म्हणतील तिथं खणायचं आणि मग पंप आणायला धावायचं, असं खोदाईवाले सांगायचे. त्यांनी ताईला पहिल्याच सकाळी नियम सांगितला.

"कांडी कानाला असताना बोलायचं नाही. मी बोट वर केलं की श्वाससुद्धा हळू घ्यायचा. प्रश्न चहाला विचारायचे. चहा दोनदा."

"किती प्रश्न विचारायचे?"

"हा एक झाला."

काम दिसायला अगदीच साधं होतं. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खाली नळाचा व्हॉल्व्ह असतो, त्याच्या दांड्यावर कांडीचं टोक टेकवायचं आणि वरचा लाकडी वाटीसारखा भाग कानाला लावायचा. कानात आवाज भरला की झाकण बसवायचं, पुढं जायचं. ताईने वही काढली आणि दिसेल ते लिहायला सुरुवात केली. काय महत्त्वाचं हे तिला कळत नव्हतं, म्हणून तिने काहीच सोडलं नाही. '६.१२. काका खोकले. ६.१४. उजवा कान. ६.१५. एका मांजराला रस्ता दिला.'

पहिल्या चहाला तिने विचारलं, "गळती ओळखायची कशी?"

"ऐकून," काका म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

तिला वाटलं अजून काहीतरी येतंय. चहा संपला, तरी आलं नाही.

दुपारी त्यांनी कांडी तिच्या हातात दिली. तिने वाटी कानाला लावली. आधी काहीच नव्हतं. फक्त तिचंच रक्त कानात धडधडत होतं. मग ते हळूहळू बाजूला सरकलं आणि त्यामागून एक आवाज आला. जमिनीखाली कुणीतरी एकसारखं, न थकता, न श्वास घेता 'श्श' म्हणत होतं. ते तिला गप्प बसवण्यासाठी नव्हतं. ते फार पूर्वीपासून चालू होतं आणि तिच्यानंतरही चालूच राहिलं असतं. मध्येच एक दाट गुरगुर आली, थोडा वेळ चढली आणि तुटली.

"कुणीतरी बादली भरली," काका म्हणाले. "वापराचा आवाज येतो आणि जातो. गळती कुठं जात नाही, तिला जायला घर नसतं."

ताई रस्त्यात गुडघ्यावर बसली होती. तिच्याखाली सगळ्या गल्लीचं पाणी चाललं होतं, घराघरांत वळत होतं, आणि ती चार वर्षं त्याच पाण्याबद्दल, ते एकदाही न ऐकता, लोकांची समजूत घालत होती. तिला उठावंसंच वाटेना. शेवटी एका स्कूटरवाल्याने हॉर्न दिला.

मंगळवारी काकांनी एका झाकणापाशी डावा बूट काढला, कांडी लावली, ऐकलं, बूट घातला. ताईने ठळक अक्षरांत लिहिलं: 'डावा बूट. एक पाय जमिनीला. कंपनं?' पुढच्या झाकणापाशी कांडी तिच्याकडे आली तेव्हा तिने गंभीरपणे आपली डावी चप्पल काढली. काका बराच वेळ तिच्या पायाकडे बघत राहिले.

"हे काय?"

"तुम्ही काढला होतात ना, मघाशी."

"माझ्या बुटात खडा होता."

त्या दिवशीचा चहा तिने मान खाली घालून घेतला. घरी आईला सांगितलं, तर आई हसून हसून भिंतीला टेकली. मग रात्रीचं जेवण झाल्यावर ताई स्वयंपाकघरातल्या नळाला डावाचा दांडा लावून, डाव कानाशी धरून बसली, तेव्हा आईने विचारलं, "त्यात काय ऐकू येतंय?"

"वरच्या मजल्यावरचं कुणीतरी भांडी घासतंय."

"ते मला डावाशिवायही ऐकू येतं गं," आई म्हणाली.

बुधवारी ताईला पहिला खरा प्रश्न सापडला. त्याआधी तिने 'कसं' आणि 'का' विचारून बघितलं होतं. 'कसं'ला काका 'ऐकून' म्हणायचे आणि 'का'ला नुसते खांदे उडवायचे. म्हणून चहाला ती म्हणाली, "काका, आजवर चुकून कुठं कोरडा खड्डा घेतलात?"

काकांनी कप खाली ठेवला. हा माणूस असा बोलू शकतो याची तिला कल्पनाच नव्हती.

"एकोणीस," ते म्हणाले. "पहिला शाळेच्या फाटकासमोर. तिथं जवळच विजेची डीपी होती, तिचं गुणगुणणं मी पाणी समजलो. दुसरा पिठाच्या गिरणीपाशी, तो तर सांगायलाही लाज वाटते." आणि चहा गार होईपर्यंत ते एकेक कोरडा खड्डा सांगत राहिले. प्रत्येक खड्ड्यात काय समजलो आणि काय होतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. सापडलेल्या गळत्या किती, विचारल्यावर मात्र म्हणाले, "त्या कोण मोजतो."

ताईने पाच पानं भरली. तिला एकदम उमगलं, की बरोबर आलेलं काकांना सांगता येत नाही, चुकलेलं येतं. बरोबर काम करताना माणूस तिथं नसतोच.

गुरुवारी तिला दुसरी गोष्ट दिसली, आणि ती वहीत बसून दिसली. चार दिवसांत चौदा ठिकाणं झाली होती. प्रत्येक ठिकाणी तक्रार एका जागची असायची, कधी ओल दिसायची, कधी कुणाच्या तळघरात पाणी. आणि चौदाच्या चौदा वेळा काका आधी तिथं गेलेच नव्हते. आधी ते त्या रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सगळ्यांत लांबच्या झाकणाकडे चालत जायचे. तिथं कांडी लावून चांगलं मिनिटभर थांबायचे, आणि मगच एकेका झाकणाने अलीकडे यायचे. जिथं काहीच बिघडलेलं नाही तिथं ते आधी ऐकत होते. त्या रस्त्याचा स्वतःचा आवाज. डीपीचा, पंपांचा, फ्रीजचा, नेहमीचा. तो एकदा कानात बसला, की मग जे वेगळं असेल ते आपोआप पुढं येत असणार.

हे कुणी शिकवलेलं नव्हतं. कुठल्या परिपत्रकात नव्हतं. बत्तीस वर्षं ते काकांच्या पायांत नुसतं राहत होतं.

आणि इथंच ताईने चूक केली. शुक्रवारी सकाळच्या चहाला तिने ते सांगून टाकलं.

"काका, तुम्ही आधी लांबच्या झाकणाकडे का जाता?"

"मी? छे. मी थेट गळतीवर जातो."

तिने वही पुढं केली. काकांनी चष्मा लावून चौदाही नोंदी वाचल्या. मांजराची सुद्धा वाचली. मग चष्मा काढून आपल्या बुटांकडे बघितलं, जणू ते त्यांना न विचारता बत्तीस वर्षं बाहेर फिरून आले होते.

"असं होय," ते म्हणाले.

त्यानंतर काकांचं सगळं बिनसलं. दुपारच्या रस्त्यावर ते लांबच्या झाकणाकडे गेले, पण आता ते जात आहेत हे त्यांना दिसत होतं. मध्येच थांबले. परत वळले. पुन्हा गेले. कांडी लावली आणि तिच्याकडे बघितलं.

"मी आधी कुठला कान लावतो?"

"उजवा."

"का?"

"ते तुम्हालाच विचारणार होते."

काकांनी उजवा कान लावला, मग डावा, मग पुन्हा उजवा.

"काय ऐकू येतंय?" ताईने न राहवून विचारलं, नियम मोडून.

"माझाच श्वास," काका म्हणाले. "चांगला आहे, पण त्याचं काय करायचं."

त्या रस्त्यावरची गळती त्यांना सापडली नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ते 'उद्या बघू' म्हणाले. ताई घरी गेली, जेवली नाही, आणि आईने विचारल्यावर म्हणाली, "मी एका माणसाला चालायला शिकवलं. आता त्याला चालता येत नाही."

शनिवारी सकाळी चढावरच्या रस्त्याला खोदाईचा मुकादम दोन माणसं घेऊन हजर होता. साहेब अजून आले नव्हते. रस्ता असा काळा, गुळगुळीत होता की त्यावर पाय ठेवताना चप्पल पुसावीशी वाटत होती. खालून वर नऊ घरं होती. तिसऱ्या घरासमोर व्हॉल्व्हचं एक झाकण होतं आणि पार वर, नवव्या घरापुढं दुसरं.

काका आले आणि थेट तिसऱ्या घरासमोरच्या झाकणाकडे गेले. थेट. ताई बघतच राहिली. लांबच्या झाकणाकडे त्यांनी नजरही टाकली नाही, अगदी ठरवून टाकली नाही. वाकले, कांडी लावली आणि लगेच हात वर केला.

"इथंच. चांगलं फुसफुसतंय."

मुकादमाने खडूने चौकोन आखला. ताईने कांडी मागून घेतली आणि ऐकलं. आवाज होता, जोरात होता, सलग होता. पण हा रस्ता एरवी कसा वाटतो हे तिला माहीतच नव्हतं, आणि काकांनाही नव्हतं. एकच खड्डा. चुकला तर सोमवारी तिच्यासमोर तो फोन आणि काकांच्या हिशेबात विसावा खड्डा.

'आधी लांबच्या झाकणाला जा' असं म्हटलं तर ते जातील आणि पुन्हा आपल्याच बुटांकडे बघत उभे राहतील, हे तिला पक्कं माहीत होतं. सांगून उपयोग नव्हता. मग विचारूनच काय ते होणार होतं.

"मुकादम, दहा मिनिटं थांबाल? चहा घेऊन येतो आम्ही."

"ताई, थांबायला आम्ही कधी नाही म्हटलंय का?" मुकादम म्हणाला आणि कुदळीवर बसला.

चहाची टपरी चढाच्या वर होती. ताई चालायला लागली. काका कांडी आणि आकडा घेऊन मागून आले, मान खाली, पावलं मोजत.

"काका, त्या एकोणीसांतला सगळ्यांत वाईट कुठला?"

काका म्हणाले, "अकरावा. दाताच्या डॉक्टरासमोरचा."

"काय झालं तिथं?"

"काय सांगू, आवाज इतका गोड होता. बारीक, सलग, अगदी गळतीचा. चार फूट खणलं, माती कोरडी ठणठणीत. वर बघतो तर दवाखान्याच्या खिडकीत पेशंट येऊन उभा, तोंड तसंच उघडं. त्याच्या तोंडातली ती थुंकी ओढायची नळी नसते का? तिचंच पाणी चालू होतं आत. तो मला विचारायला बघतोय काय चाललंय, आणि त्याला बोलता येत नाही. मला विचारलं असतं तरी मलाही बोलता आलं नसतं."

ताई हसली. काकाही हसले. "डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, तुमच्या खड्ड्याला भूल देऊ का. तेव्हापासून मी त्या रस्त्याने दात दुखला तरी—"

आणि काका थांबले. ते नवव्या घरापुढच्या झाकणापाशी होते. बोलता बोलताच ते वाकले, आकड्याने झाकण उचललं, कांडी टेकवली, उजवा कान लावला. दाताचा डॉक्टर हवेतच अर्धा राहिला. त्यांचं बोट वर गेलं.

ताईने श्वास हळू केला.

ती त्यांचा चेहरा बघत होती. तो बसची वाट बघणारा चेहरा उरला नव्हता. सगळा माणूस त्या वाटीतून खाली उतरला होता आणि वर नुसतं त्याचं शरीर सांभाळायला ठेवलं होतं. मिनिट झालं. दीड मिनिट झालं. एक चिमणी काकांच्या पाठीमागे येऊन बसली, तिनेही आवाज केला नाही.

मग ते उठले आणि खाली निघाले. ताई मागे. प्रत्येक घराच्या बाहेरच्या नळाच्या चावीवर कांडी. आठवं घर: काही नाही, काकांनी मान हलवली. सातवं: काही नाही. सहाव्याला त्यांनी कांडी तिच्याकडे दिली. अगदी दोऱ्याएवढा 'श्श' होता. पाचव्याला तो दोरा सुतळी झाला. चौथ्याला पुन्हा पातळ. आणि तिसऱ्यापाशी, आखलेल्या चौकोनाजवळ, पुन्हा जोरात.

"दोन आहेत," काका म्हणाले.

"दोन गळत्या?"

"एक गळती आणि एक खोटारडा."

"खोटारडा कुठला, ते कसं कळणार?" विचारून झाल्यावर तिला आठवलं, चहा अजून झालेला नाही. पण काकांनी उत्तर दिलं.

"त्यालाच विचारू. व्हॉल्व्ह अर्धवट बंद असला की पाणी फटीतून जातं आणि अस्सं फुसफुसतं. हुबेहूब गळती." त्यांनी लांब चावी व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसवली आणि फिरवायला घेतली. पूर्ण उघडा असायला हवा होता, पण तो नऊ फेरे अजून उघडला. कुणीतरी कधीतरी दुरुस्तीला बंद केला होता आणि मग घाईने अर्धाच उघडला होता. दहाव्या फेऱ्याला तो टेकला. काकांनी कांडी लावली आणि ताईच्या हातात दिली.

शांतता. जोरदार फुसफुस निघून गेली होती. अर्ध्या तासापूर्वी त्या आवाजावर त्यांचा एकुलता एक खड्डा घेतला जाणार होता.

मुकादमाने कुणी न सांगता पायाने खडूचा चौकोन पुसला.

पाचव्या घरापाशी आवाज आता वाढला होता. व्हॉल्व्ह उघडल्यावर पाण्याला जोर आला होता. घरमालकिणीला सांगून घराची चावी बंद केली. आवाज तसाच. म्हणजे घरातलं नाही, रस्त्यातलंच. मग काकांनी डांबरावरच कांडी टेकवत एकेक पाऊल सरकायला सुरुवात केली. शेजारच्या गाळ्यात शिंप्याचं मोटरचं यंत्र चालू होतं, ते ताईने पाच मिनिटं थांबवायला लावलं. शिंपी दारात येऊन उभा राहिला, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या.

शेवटी दोन जागा उरल्या. एकमेकींपासून एका पावलावर. काकांनी दोन्हीकडे दोनदा ऐकलं आणि कांडी पुढं केली.

"तू सांग."

आठवडाभर ते तिला 'तुम्ही' म्हणत होते.

ताई गुडघ्यावर बसली. पहिली जागा. खूप मोठा आवाज, पण जरा पसरट, जणू भिंतीपलीकडून आलेला. दुसरी जागा. आवाज तेवढाच, पण इथं त्यात एक टोक होतं. बारीक, टणक, सुईसारखं. कुणीतरी थेट तिच्याकडे बोट दाखवल्यासारखं.

"ही," ती म्हणाली.

काकांनी मुकादमाकडे बघितलं आणि बोटाने जमिनीकडे खूण केली.

पहिला फूट कोरडा होता. दुसराही. साहेब स्कूटर लावून आले आणि खड्ड्याच्या कडेला हात मागे बांधून उभे राहिले. तिसऱ्या फुटाला माती भुरभुरीत, कोरडीच. शिंप्याच्या तोंडातल्या टाचण्यासुद्धा हलत नव्हत्या. ताईने काकांकडे पाहिलं. ते खड्ड्याकडे नाही, आकाशाकडे बघत होते, म्हणजे ऐकत होते.

मग कुदळीचा आवाज बदलला. कोरडा 'खट' होता तो 'चप' झाला. मुकादमाने कुदळ टाकली आणि हातानेच माती काढायला घेतली, केबलींच्या मधून, जपून. माती काळी झाली, मग चिखल, मग अचानक चिखल उकळल्यासारखा हलायला लागला. पाणी वर यायचं सोडून बाजूच्या जुन्या गटाराच्या भेगेतून गुपचूप निघून जात होतं. म्हणून वर ओलीचं कधी टिपूसही दिसलं नव्हतं.

ताई खाली उतरली. मुकादमाने नळावरची माती ओंजळीने पुसली, आणि तिला ते दिसलं. लोखंडी नळाच्या कुशीला एक भोक होतं. मोहरीएवढं. त्यातून पाण्याची एक सरळ, चमकदार काडी बाहेर येत होती, इतकी घट्ट की तिच्यावर उजेड थांबत होता. हेच ते. एवढ्याशा भोकाने वरच्या घरांचं पाणी पळवलं होतं, आणि चार फूट मातीतून, नव्या डांबरातून, शिंप्याच्या यंत्रातून तिला हाक मारली होती. तिने बोट पुढं केलं आणि ती काडी बोटावर फुटली.

"सापडली का?" वरून साहेब म्हणाले. "ताई? जागा कुणी दाखवली?"

ताईला ऐकू आलं नाही. ती बोट त्या काडीत धरून होती आणि पाण्याचा जोर बोटातून हाडापर्यंत जाणवत होता.

"तिने," काका म्हणाले.

"मग सोमवारपासून इथंच, ताई. ऐकताय ना?"

"ती नंतर ऐकेल, साहेब," काका म्हणाले. त्यांनी बूट काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिच्या शेजारी चिखलात उतरून बसले. "सरक जरा. मलाही बघू दे. मी आजवर एवढ्या जवळून कधी बघितलीच नाही, ऐकून झालं की मी आपला चहाला जायचो."